आयडियलमध्ये लपलेला ५

ज्यांचे सहगुणक पूर्णांक आहेत अशा सगळ्या बहुपदींच्या रिंगला गणितात Z[x] म्हणतात. ३x² − ७x + २ ही त्यातली. साधा ५ सुद्धा त्यातलाच. यातल्या एकदोन बहुपदी घ्यायच्या, त्यांना रिंगमधल्या कशानेही गुणायचं आणि येणाऱ्या गुणाकारांच्या बेरजा करायच्या. असं जे जे मिळेल ते सगळं मिळून एक ‘आयडियल’ होतं. x² + १ आणि ७ यांच्यापासून तयार झालेलं आयडियल (७, x² + १) असं लिहितात. संपूर्ण रिंग न व्यापणाऱ्या ज्या आयडियलमध्ये गुणाकार सापडला की त्याचा निदान एक अवयवही सापडतोच, ते प्राइम. (६) प्राइम नाही, कारण २ × ३ आत आहे, पण २ आणि ३ दोघेही बाहेर.

Z[x] मध्ये अशी प्राइम आयडियल असंख्य आहेत, तरी प्रकार चारच. ते ओळखायला पहिला प्रश्न एकच विचारावा: या आयडियलमध्ये शून्याखेरीज कोणता पूर्णांक आहे?

समजा, १५ आहे. मग प्राइम असण्याच्या अटीमुळे ३ किंवा ५ यांपैकी एक तरी आत हवा. दोन्ही मात्र असू शकत नाहीत, कारण २ × ३ − ५ = १, आणि १ आत आला की सगळी रिंगच आत आली. म्हणजे पूर्णांक असलेच, तर ते एकाच मूळ संख्येच्या पटीतले असतात.

एकही पूर्णांक नसेल तर? फक्त शून्य असलेलं (०) हे आयडियल इथेच बसतं. हा पहिला प्रकार, आणि त्यात सांगण्यासारखं फारसं नाही. दुसरा प्रकार म्हणजे जिचे पूर्णांकांत अवयव पडत नाहीत अशा एका बहुपदीच्या पटी, उदाहरणार्थ (x² + १). इथे २x + ४ चालत नाही, कारण तिच्यातून २ बाहेर काढता येतो. २x + १ मात्र चालते. गाउसने १८०१ च्या ग्रंथात सिद्ध केलेला एक निष्कर्ष इथे कामी येतो: पूर्णांकांत जिचे लहान घातांच्या बहुपदींत अवयव पडत नाहीत, तिचे अपूर्णांक वापरूनही पडत नाहीत.

आता (x² + १) मध्ये आणखी एक बहुपदी टाकून पाहू, x − २. वरवर पाहता यात पूर्णांक कुठेच नाही. पण शाळेतला भागाकार केला की x² + १ = (x − २)(x + २) + ५. म्हणजे बाकी ५, आणि ती आयडियलच्या आतच आहे! समाईक अवयव नसलेल्या कोणत्याही दोन बहुपदी एकत्र आल्या की त्यांच्यातून शून्येतर पूर्णांक असाच बाहेर पडतो. म्हणूनच दुसऱ्या प्रकारात एकच बहुपदी पुरते.

पूर्णांक आत असतील, म्हणजे एखादी मूळ संख्या p आत असेल, तर सगळे सहगुणक p ने भागून फक्त बाकी ठेवायची. आयडियलमधल्या सगळ्याच बहुपदी त्यामुळे शून्य झाल्या, तर ते नुसतं (p) असतं. (३) हे त्याचं उदाहरण आणि हा तिसरा प्रकार. काही उरलंच, तर ते एकाच बहुपदीच्या पटींत उरतं, आणि त्या बहुपदीचे p च्या बाक्यांच्या हिशेबातही अवयव पडत नसतात. हा चौथा प्रकार. वरचं उदाहरण यातलंच: ५ च्या हिशेबात −२ म्हणजे ३, म्हणून ते (५, x + ३).

गफलत होते ती याच चौथ्या प्रकारात. पूर्णांकांत x² + १ चे अवयव पडत नाहीत, म्हणून (५, x² + १) प्राइम असेल असं वाटतं. पण (x + २)(x + ३) = x² + ५x + ६, आणि ५ च्या बाक्यांत ते x² + १ च होतं. त्यामुळे ५ पाशी एकाऐवजी दोन प्राइम आयडियल मिळतात, (५, x + २) आणि (५, x + ३). ३ पाशी तसं होत नाही: ०, १, २ यांच्या वर्गात १ मिळवला तर १, २, ५ येतात, आणि यातल्या कशालाही ३ ने भाग जात नाही. म्हणून (३, x² + १) खरोखर प्राइम आहे. २ पाशी (x + १)² मिळतो, म्हणजे एकच आयडियल, (२, x + १).

डेव्हिड ममफर्ड यांनी या सगळ्याचं एक चित्र काढलं, आणि ते बीजगणितीय भूमितीच्या विद्यार्थ्यांत प्रसिद्ध आहे. त्यात प्रत्येक मूळ संख्येची एक उभी रेघ आहे, x² + १ सारख्या बहुपदीची आडवी जाणारी वक्ररेषा आहे, आणि चौथ्या प्रकारची आयडियल म्हणजे त्या रेघांवरचे बिंदू. आपली वक्ररेषा ५ च्या रेघेला दोन बिंदूंत भेटते, ३ च्या रेघेला एकात.

पण प्रत्येक बहुपदी इतकी सरळ वागत नाही. x⁴ + १ चे पूर्णांकांत अवयव पडत नाहीत, तरीही कोणतीही मूळ संख्या घेतली तरी तिच्या बाक्यांत ते पडतातच. ३ पाशी (x² + x + २)(x² + २x + २). त्यामुळे p कुठलाही घेतला तरी (p, x⁴ + १) प्राइम होत नाही. आणि २x + १ ची वक्ररेषा २ च्या रेघेला भेटतच नाही: २ च्या हिशेबात २x नाहीसा होतो आणि नुसता १ उरतो.