तारीख नको, ओळ हवी

नामवंत माणसाच्या चरित्रात जन्म आणि मृत्यू तारीखवार असतात. लग्नापाशी आलं की मात्र लेखक ‘सुमारे’ किंवा ‘याच सुमारास’ म्हणून पुढे सरकतो. याला कारण आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यातल्या सर्वसाधारण हिंदू लग्नाची सरकारदरबारी नोंदच होत नसे. चर्चमधल्या लग्नांची नोंद पुस्तकात व्हायची, पारशांसाठी १८६५चा कायदा होता, १८७२च्या कायद्याने लग्न करणाऱ्या मोजक्या सुधारकांचीही नोंद सापडते. बाकीच्यांचं लग्न भटजींच्या पंचांगात, घरच्या जमाखर्चात आणि आजीच्या आठवणीत. त्यामुळे पणजोबांच्या लग्नाची तारीख हवी तर कचेरीत जाऊन उपयोग नाही, कागद घरातच शोधावे लागतात. आणि घर आता अनेकदा न्यू जर्सीत किंवा लंडनमध्ये असतं, कारण दप्तर थोरल्या पातीकडे राहतं आणि थोरल्या पातीची नातवंडं शिकायला म्हणून गेली ती तिकडचीच झाली.

मग चुलतबहिणीला पत्र जातं, “ताई, आपल्या पणजोबांच्या लग्नाची तारीख तुझ्याकडच्या कागदांत आहे का, बघशील?” इथेच पत्र फसतं. ताईला मोडी येत नाही. तिच्यापुढे मांजरपाटाच्या रुमालात बांधलेला गठ्ठा आहे आणि त्यात नेमकं काय शोधायचं ते तिला ठाऊक नाही. ती एखाद्या छापील कुलवृत्तांतातलं इसवी सन पाठवून देते. म्हणजे ज्या आकड्याची शंका होती, तोच आकडा सातासमुद्रापार जाऊन परत येतो.

मागायची असते ती मूळ ओळ, जशी लिहिली आहे तशी. ओळीचं मोल का, ते एका काल्पनिक उदाहरणाने पाहू. समजा, लग्नपत्रिकेत लिहिलं आहे, ‘शके १८०५ सुभानुनाम संवत्सरे फाल्गुन शु॥ २ गुरुवार’. कुलवृत्तांतकाराने त्यात ७८ मिळवले आणि ‘इ. स. १८८३’ छापलं. गणित बरोबर, वर्ष चूक. शालिवाहन शक सुरू होतो चैत्रात आणि इंग्रजी वर्ष जानेवारीत. चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८ मिळवायचे, पण जानेवारी लागल्यापासून फाल्गुन संपेपर्यंत ७९. शके १८०५चा फाल्गुन १८८४मध्ये येतो.

पण हे ठरवायला नियमावर विसंबायची गरज नाही, ओळ स्वतःच साक्ष देते. फाल्गुन शुद्ध द्वितीया १८८४ साली २८ फेब्रुवारीला पडते आणि तो दिवस गुरुवारच होता. १८८३मध्ये हीच तिथी मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात येते आणि तिचा वार गुरुवार नाही. शिवाय संवत्सराचं नाव आहेच. आपल्याकडच्या साठ संवत्सरांच्या चक्रात शकाच्या आकड्यात १२ मिळवून साठाने भागायचं. १८१७ला साठाने भागलं की बाकी १७ उरते आणि प्रभवापासून मोजत गेलं की सतरावा सुभानु येतो. शक, संवत्सर, तिथी, वार अशा चार खुणा एकमेकींशी जुळल्या की तारीख पक्की. एखादी जुळली नाही तर कागद खोटा असं मात्र लगेच म्हणू नये. ‘शु॥’ आणि ‘व॥’ मोडीत घाईने लिहिलेले असले की वाचणारा फसतो आणि लग्न पंधरा दिवस मागेपुढे जातं. अशा वेळी वारच तारून नेतो. म्हणून वार मागायला विसरू नये. लोक नेमका तोच विसरतात.

तर पत्र साधारण असं असावं:

“प्रिय ताई, स. न. काकूंच्या ट्रंकेत कापडात गुंडाळलेला एक गठ्ठा आहे असं आत्या म्हणत होती. त्यात पणजोबांच्या लग्नाचा कागद असेल तर मला हवा आहे. तुला वाचायची गरज नाही, फक्त फोटो काढून पाठव. हळद-कुंकवाचे डाग पडलेला लांब कागद असेल तर तो आधी. मग आडव्या बांधणीच्या लांबोळक्या वह्या, कारण जमाखर्च अशा वह्यांत असतो. जन्मपत्रिकांची भेंडोळी दिसली तर तीही. जुनी पंचांगं असतील तर त्यांची कोरी पानं बघ, तिथे घरातल्या नोंदी लिहून ठेवत. प्रत्येक कागदाच्या दोन्ही बाजू घे, आणि कागद गठ्ठ्यात ज्या क्रमाने होते तो क्रम मोडू नकोस. घड्या इस्त्रीने सरळ करू नकोस, चिकटपट्टी लावू नकोस. मूळ कागद पाठवू नकोस, ते तुझ्याकडेच राहू देत.”

शेवटच्या वाक्याला कारण आहे. पाऊणशे वर्षांहून जुनी, ऐतिहासिक मोलाची हस्तलिखितं १९७२च्या पुरावस्तू कायद्याखाली येतात. ती भारतात आली की परवानगीशिवाय परत बाहेर नेता येत नाहीत. ताईने प्रेमाने कुरिअर केलेला गठ्ठा तिला पुन्हा धाडणं म्हणजे नसती कटकट. आणि कुरिअरात हरवला तर दोन्ही घरं आयुष्यभर एकमेकांकडे बोट दाखवतात.

गठ्ठ्याचा क्रम मोडू नये म्हणण्यामागे आणखी एक मेख आहे. लग्नपत्रिका म्हणजे बेत, झालेल्या गोष्टीचा दाखला नव्हे. सुतक पडलं, साथ आली, देण्याघेण्यावरून बिनसलं की मुहूर्त पुढे जायचा आणि जुनी पत्रिका तशीच दप्तरात राहायची. लग्न खरोखर लागलं की नाही हे कळतं जमाखर्चावरून. वाजंत्री, भटजींची दक्षिणा, मांडवाच्या दोऱ्या, तुपाचा डबा असा खर्च त्याच दिवसांत पडलेला दिसला तर पत्रिकेला दुजोरा मिळाला. हा खर्च पंधरवड्याने किंवा महिन्याने नंतर दिसला तर मुहूर्त हुकला असं समजावं. आहेराची यादी पत्रिकेशेजारीच सापडली तर ती याच लग्नाची हे कळतं, सुटी सापडली तर घरातल्या कोणाच्याही लग्नाची असू शकते. दागिने आणि मानपानाची ‘याद’ लग्न ठरताना लिहिली जाते, म्हणून तिच्यावरची तारीख ही लग्नाची तारीख नव्हे, हे चरित्रकारही विसरतात.

त्या काळात मुली आठ-दहाच्या असत आणि सासरी कायमच्या यायच्या नंतर, फलशोभनानंतर. घरच्या आठवणीत ‘लग्न’ म्हणून कधी कधी ही दुसरी घटना राहते. आजी सांगे ते वर्ष आणि पत्रिकेतलं वर्ष यांत चार-पाच वर्षांचं अंतर दिसलं, तर कोणी खोटं बोलत नसून दोघं दोन प्रसंग सांगत असावेत. वधूचं माहेरचं नावही ताईला आधीच कळवावं. कागदात ते सासरच्या नावाने असणार नाही आणि ताई नेमका तोच कागद बाजूला ठेवेल.

फोटो आले की मोडी वाचणारा माणूस गाठावा. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात १९१०पासून हीच कामं चालत आली आहेत, आणि मोडीचे वर्गही अनेक ठिकाणी चालतात. वाचून झालं की देवनागरी लिप्यंतर ताईला परत पाठवावं. तिच्या घरात निदान काय आहे ते तिला कळेल, आणि पुढच्या वेळी ती दुसरा गठ्ठाही उघडेल.

सगळं करूनही हाती फक्त पत्रिका लागली, जमाखर्च नाहीच, असं बऱ्याचदा होतं. मग चरित्रात ‘लग्नपत्रिकेनुसार’ एवढा शब्द घालावा आणि मूळ ओळ तळटीपेत जशीच्या तशी छापावी. नुसतं इसवी सन छापू नये.