दांड्यावर सरकणारी कडी : मोकळ्या टोकाची दोरी आणि तिच्या वारंवारता

ताणलेल्या दोरीचे एक टोक भिंतीला घट्ट बांधले आणि दुसरे टोक एका हलक्या कडीला बांधून ती कडी गुळगुळीत उभ्या दांड्यात ओवली, की दोरीला एक मोकळे टोक मिळते. दोरी नुसती सोडून दिली तर ती लोंबेल, कारण तिच्यात ताणच उरणार नाही. आणि ताण नसेल तर तरंगही नाही. दांडा कडीला दोरीच्या दिशेने धरून ठेवतो आणि ताण सांभाळतो, पण वरखाली जायला मात्र अडवत नाही. टोक एका दिशेने बांधलेले आणि दुसऱ्या दिशेने मोकळे राहावे, यासाठीच हा खटाटोप.

दोरीवरून जाणाऱ्या तरंगाचा वेग दोन गोष्टींवर ठरतो : ताण T आणि दोरीच्या एकक लांबीचे वस्तुमान μ. सूत्र v = √(T/μ) असे आहे. दोरीचे समीकरण फ्रेंच गणिती दालांबेर याने १७४७ मध्ये मांडले. पण कोणत्या वारंवारतेला दोरी डोलेल, हे एकटे समीकरण सांगत नाही. ते ठरवतात दोन टोकांच्या सीमा-अटी. बांधलेल्या टोकाची अट उघड आहे : तेथे विस्थापन नेहमी शून्य. सरकत्या टोकाची अट थोडा विचार करायला लावते.

कडीवर दांड्याच्या दिशेने, म्हणजे वरखाली, बल लावणारी एकच गोष्ट आहे : दोरी. दोरी कडीपाशी तिरकी असेल तर तिच्या ओढीचा काही भाग वरखाली दिशेने लागतो. लहान कंपनांसाठी हा भाग ताण गुणिले दोरीचा चढ इतका असतो. आता कडीला वस्तुमान नाही आणि दांड्याला घर्षण नाही असे मानले, तर अशा कडीवर लेशमात्र बलही शिल्लक राहू शकत नाही. राहिले तर तिला अमर्याद त्वरण मिळेल. म्हणून दोरीचा चढ कडीपाशी प्रत्येक क्षणी शून्यच हवा. दोरी दांड्याला सदैव काटकोनात येऊन मिळते, कडी वर असो, खाली असो की मधे धावत असो. बांधलेल्या टोकाला विस्थापन शून्य आणि चढ हवा तो. मोकळ्या टोकाला चढ शून्य आणि विस्थापन हवे ते. पहिल्या ठिकाणी निस्पंद बिंदू तयार होतो, दुसऱ्या ठिकाणी प्रस्पंद बिंदू.

यावरून वारंवारता काढायला गणिताचीही फारशी गरज नाही. दोरीवर एक उंचवटा सोडला, की तो मोकळ्या टोकावरून तसाच सुलटा परततो. तेवढ्यापुरती कडी उंचवट्याच्या दुप्पट उंच उसळते. बांधलेल्या टोकावरून मात्र तो उलटा होऊन परततो. म्हणजे दोरीची एक जा-ये झाली की उंचवटा उलटा झालेला असतो, आणि मूळ रूपात यायला दुसरी जा-ये लागते. एकूण अंतर दोरीच्या लांबीच्या चौपट. म्हणून सर्वांत सावकाश कंपनाचा आवर्तकाल 4L/v आणि सर्व अनुज्ञेय वारंवारता

f = (2n − 1) v / 4L,  n = 1, 2, 3, …

अशा येतात. मूळ वारंवारतेच्या तिप्पट, पाचपट, सातपट; सम पटी अजिबात नाहीत. दुप्पट वारंवारतेला बांधलेल्या टोकापासून मोजत गेले तर कडीपाशी नेमका निस्पंद बिंदू पडतो, आणि तेथे चढ सर्वाधिक असतो. सीमा-अट तो चालू देत नाही. लग्नाच्या बँडमधल्या क्लॅरिनेटचेही असेच : पत्तीकडचे टोक बंद, दुसरे उघडे, म्हणून वादकाने जोर लावला की स्वर सप्तकाने न चढता एकदम तिप्पट वारंवारतेवर जातो.

प्रत्यक्ष आकडे घेतले की चित्र स्पष्ट होते. दोरी १.२५ मीटर लांब, दर मीटरला ४ ग्रॅम वजनाची, म्हणजे सगळी मिळून ५ ग्रॅम. ताण १० न्यूटन, साधारण एक किलोचे वजन टांगल्याइतका. वेग ५० मीटर प्रति सेकंद येतो. बांधलेल्या टोकाला कंपित्राने हलकेसे हलवत वारंवारता वाढवत नेली, तर १०, ३० आणि ५० हर्ट्झला दोरी जोरात डोलायला हवी. हीच दोरी दोन्ही टोकांना बांधली असती, तर २०, ४० आणि ६० हर्ट्झला डोलली असती. महाविद्यालयांच्या प्रयोगशाळेत मेल्डेच्या प्रयोगात दिसतात त्या या दुसऱ्या प्रकारच्या वारंवारता.

पाठ्यपुस्तक साधारण येथे थांबते. पण वस्तुमान नसलेली कडी कुठल्याही दुकानात मिळत नाही. समजा कडी अर्ध्या ग्रॅमची आहे, दोरीच्या एक-दशांश वजनाची. क्षुल्लक वाटते. मात्र आता कडीला त्वरण देण्यासाठी दोरीला बल लावावे लागते, म्हणजे कडीपाशी थोडा तरी चढ हवाच. चढ शून्य ही अट जाते आणि तिच्या जागी न्यूटनचा दुसरा नियम येतो. कडीचे वस्तुमान m, दोरीचे M आणि θ = 2πfL/v असे घेतले, तर अनुज्ञेय वारंवारता पुढील समीकरणातून निघतात :

cot θ = (m/M) θ

हे समीकरण सुटसुटीत सूत्राने सुटत नाही. आलेखावर दोन्ही बाजूंच्या रेषा काढून त्या जेथे छेदतात ती उत्तरे घ्यावी लागतात, किंवा कॅल्क्युलेटरवर जवळ जवळ जात शोधावी लागतात. अर्ध्या ग्रॅमच्या कडीसाठी पहिल्या चार वारंवारता सुमारे ९.१, २७.४, ४६.० आणि ६४.९ हर्ट्झ येतात. अपेक्षा होती १०, ३०, ५० आणि ७० ची. एक-दशांश वजनाच्या कडीने मूळ वारंवारता नऊ टक्क्यांनी खाली आणली. शिवाय सगळ्या सारख्या प्रमाणात खाली आल्या नाहीत, त्यामुळे पट आता नेमके ३, ५, ७ राहिलेले नाहीत. चौथी वारंवारता पहिलीच्या ७.१४ पट भरते.

पहिल्या काही कंपनांपुरता याचा अर्थ सोपा आहे. अर्ध्या ग्रॅमची कडी म्हणजे साडेबारा सेंटिमीटर दोरीचे वजन. दोरी जणू तेवढी जास्त लांब आहे आणि तिचे टोक खरोखर मोकळे आहे, असे मानून हिशेब केला तर ९.०९ हर्ट्झ येते, अचूक उत्तराच्या अगदी शेजारी. प्रस्पंद बिंदू दोरीवर नसून दांड्यापलीकडे, कल्पनेत आहे. हे डोळ्यांनीही पकडता येते. दुसऱ्या कंपनात आदर्श दोरीचा मधला निस्पंद बिंदू बांधलेल्या टोकापासून ८३.३ सेंटिमीटरवर असतो. या दोरीत तो ९१.२ सेंटिमीटरवर सरकतो. शेजारी मीटरपट्टी धरली की जवळजवळ आठ सेंटिमीटरचा फरक लपत नाही. वारंवारता मापकावर शंका घेण्याआधी हे पाहून घ्यावे.

वारंवारता वाढत जाते तशी गोष्ट उलटते. कडीला जितके भरभर हलवावे, तितके तिचे जडत्व आड येते. दहावे कंपन मोकळ्या टोकाच्या हिशेबाने १९० हर्ट्झला हवे. प्रत्यक्षात ते १८२ ला येते, आणि दोन्ही टोके बांधलेल्या दोरीचे नववे कंपन १८० ला असते. म्हणजे तीच कडी मंद तरंगांसाठी मोकळे टोक आणि जलद तरंगांसाठी जवळजवळ भिंत ठरते. मध्यबिंदू ६४ हर्ट्झच्या आसपास आहे. ७० आणि ६० च्या ऐन मधे पडलेली चौथी वारंवारता त्याचीच साक्ष देते. कडी दोरीइतकीच जड, ५ ग्रॅमची घेतली, तर मोकळेपणा केवळ पहिल्या कंपनात उरतो : ५.५ हर्ट्झ, आणि त्यानंतर थेट २१.८ व ४१.०, बांधलेल्या दोरीच्या २० आणि ४० ला लगटून.

घर्षणाची अडचण याहून चिवट आहे. कडी दांड्यावर दाबली जाते ती दोरीच्या ताणानेच, म्हणून घर्षणाची मर्यादा ताणाच्या प्रमाणात असते. कडीला सरकवणारे बलही ताण गुणिले चढ एवढेच. दोन्हींतून ताण कटतो आणि उरतो तो साधा नियम : कडीपाशी दोरीचा चढ घर्षणांकाहून मोठा झाला तरच कडी हलते. ताण कमी-जास्त करून काहीही साधत नाही, आणि हा उपाय नेमका सर्वांत आधी सुचतो. घर्षणांक ०.२ असेल, तर वर घेतलेल्या दोरीत २० हर्ट्झच्या कंपनाचा मधला फुगवटा ८ सेंटिमीटरचा होईपर्यंत कडी जागची ढळत नाही. टेफ्लॉनसारखा पदार्थ वापरून घर्षणांक ०.०४ वर आणला तरी १.६ सेंटिमीटर लागतातच. खूण सोपी आहे : १० आणि ३० ला काही न होता दोरी २० आणि ४० ला डोलत असेल, तर कडी अडकली आहे, मग ती हाताने कितीही सहज सरकत असो. हात दोरीचा ताण काढून सरकवतो, किंवा तिरका जोर लावतो. तरंगाला ती सोय नाही.

म्हणून मोकळे टोक दाखवायचे असेल तर दांडा बाजूला ठेवून दोरीच्या टोकाला लांब, अगदी बारीक धागा जोडतात आणि धाग्याचे दुसरे टोक दूर बांधतात. धागा ताण पोचवतो, घर्षण नाही, वस्तुमान नगण्य. पण धागाही फुकट काम करत नाही : टोक वर गेले की तो किंचित खाली ओढतो, हलक्या स्प्रिंगसारखा. धागा ५ मीटरचा घेतला तर पहिली वारंवारता १० ऐवजी १०.९ होते, दुसरी ३० ऐवजी ३०.३. चूक आहे, पण कडीच्या नेमकी उलट : वारंवारता वाढवणारी, आणि पहिल्याच कंपनात सर्वांत मोठी. पुढच्या कंपनांत ती विरत जाते, निदान धाग्याचे स्वतःचे वजन जाणवू लागेपर्यंत.

बेल प्रयोगशाळेतील जॉन शाइव्ह याच्या तरंगयंत्रात हा प्रश्नच उद्भवत नाही. तेथे मधल्या तारेवर आडव्या सळ्यांची रांग बसवलेली असते आणि तरंग धावतो तो तारेच्या पिळातून. शेवटची सळई कुणी धरली नाही तर तिच्या पलीकडे पीळ द्यायला काही नसते, म्हणून तेथे पिळाचा चढ आपोआप शून्य होतो. ताण सांभाळणारा दांडा नको, आणि टोकाला वेगळी कडीही नको.