झोपाळ्याचे पाय

मैदानावरील लोखंडी झोपाळा उलटतो तो मुलाच्या वजनामुळे नव्हे, तर त्याच्या झोक्यामुळे. फळीवर स्वस्थ बसलेल्या मुलाचा भार सरळ खाली उतरतो आणि सांगाड्याचे चारही पाय जमिनीत अधिकच रुततात. झोका सुरू झाला की साखळी तिरपी होते आणि वरच्या आडव्या दांडीला पुढे-मागे ओढू लागते. या ओढीचा हिशेब केल्यावाचून झोपाळ्याचे पाय किती खोल पुरावेत हे कळत नाही.

समजा, दांडी जमिनीपासून २.४ मीटर उंच आहे, पुढच्या व मागच्या पायांत १.५ मीटर अंतर आहे आणि सांगाड्याचे वजन ५० किलो आहे. ३० किलो वजनाचे मूल ६० अंशांपर्यंत झोका घेऊ लागले, तर वाटेत एका क्षणी साखळी दांडीला सुमारे २५ किलो जोराने आडवी ओढते व त्याच वेळी ३३ किलोंनी खाली दाबते. उलटवणारा जोर २५ गुणिले २.४, म्हणजे ६०. धरून ठेवणारा जोर दाब व सांगाडा मिळून ८३ किलो, गुणिले पायांच्या अंतराचे अर्धे ०.७५, म्हणजे सुमारे ६२. सांगाडा कसाबसा उभा राहतो, आणि पाहणाऱ्यास वाटते की पाय पुरण्याची गरजच नाही.

ही समजूत घातक आहे. शेजारच्या फळीवर तेवढेच दुसरे मूल बसले आणि दोघांचे झोके एकाच वेळी पुढे गेले, तर उलटवणारा जोर १२० होतो. धरणारा मात्र ८७ च राहतो. मागचे पाय उचलले जातात आणि लोखंडी दांडी ज्या बाजूला मुले आहेत त्याच बाजूला कोसळते. म्हणून झोपाळ्याचा प्रत्येक पाय काँक्रीटमध्ये पुरावा लागतो.

जोडणी सपाट जमिनीवर करावी. प्रथम दोन-दोन पाय वरच्या टोकाशी जोडून दोन तिकाटणी तयार करावीत, मग दांडी बसवावी. या वेळी नट पुरते आवळू नयेत. आधीच आवळले तर एखादा पाय अधांतरी राहतो. पाय पुरण्याच्या खोलीइतके अधिक लांब असावेत. प्रत्येकाच्या खालच्या टोकाशी भोक पाडून त्यातून वीतभर लांबीची आडवी सळई घालावी, म्हणजे नळी काँक्रीटमधून निसटून वर येणार नाही.

चार पायांच्या जागा आखताना दोन्ही कर्ण मोजावेत. ते समान भरले म्हणजे आखणी काटकोनात आहे. प्रत्येक खड्डा ३० सेंटिमीटर लांब-रुंद व ८० सेंटिमीटर खोल घ्यावा. तळाशी १० सेंटिमीटर खडी, वर ६० सेंटिमीटर काँक्रीट आणि उरलेल्या भागात माती. एवढ्या काँक्रीटचे वजन सुमारे १३० किलो होते. वरील उदाहरणात मागच्या प्रत्येक पायाला वर खेचणारा जोर ११ किलोच असला, तरी ५० किलोंची दोन मोठी मुले बसली तर तो २७ किलोंवर जातो. शिवाय ही ओढ दर झोक्याला दिशा बदलते आणि पावसाळ्यात ओली माती पायांना नीट धरून ठेवत नाही. म्हणून एवढी अधिक जोड हवीच. आपल्या गोव्यात जांभ्याच्या जमिनीत खड्डा ताठ उभा राहतो. किनाऱ्यावरील वाळूत कडा ढासळतात, तेथे तो अधिक रुंद घ्यावा.

सांगाडा खड्ड्यांत उभा करून दांडीवर पाणसळ ठेवावी, बाजूंनी टेकू द्यावेत आणि मगच सर्व नट घट्ट आवळावेत. त्यानंतर एक भाग सिमेंट, दोन भाग वाळू व चार भाग खडी यांचे काँक्रीट ठासून भरावे. पाणी साचू नये म्हणून त्याचा माथा नळीपासून बाहेरच्या बाजूस उतरता करावा. तो मातीखाली झाकलेला असावा, म्हणजे पडणाऱ्या मुलाचे डोके त्यावर आपटणार नाही. निदान सात दिवस काँक्रीट ओले ठेवावे आणि तोवर फळ्या टांगूच नयेत.

झोपाळा सुरू झाल्यावरही पाहणी चुकवू नये. मूल पुढे जात असता मागच्या पायाच्या बुडाशी पाहावे. तेथे मातीत फट उघडझाप करीत असेल, तर पाय सैल झाला आहे. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी बुडाजवळची माती दूर करून नळीवर हातोडीने हलकेच ठोकावे. लोखंड प्रथम गंजते ते काँक्रीटच्या माथ्याशीच. तेथे पापुद्रे सुटत असतील किंवा नळी चेपत असेल, तर त्याच दिवशी फळ्या उतरवून ठेवाव्यात व तो पाय बदलून घ्यावा.