दोन वर्तुळांमधल्या भिंगाचे क्षेत्रफळ

कागदावर कंपासने एक वर्तुळ काढावे. मग कंपासचे अंतर तसेच ठेवून त्याचे टोक त्याच वर्तुळाच्या परिघावर कुठेही टेकवावे आणि दुसरे वर्तुळ काढावे. दोन्ही वर्तुळे सारखीच असतात आणि प्रत्येकाचा परीघ दुसऱ्याच्या केंद्रातून जातो. दोघांमध्ये सामाईक असलेला भाग बहिर्वक्र भिंगासारखा दिसतो: दोन्ही बाजू फुगीर, दोन्ही टोके अणकुचीदार. लॅटिनमधील ‘वेसिका पायसिस’ या नावाने ही आकृती युरोपात ओळखली जाते. तिचे क्षेत्रफळ काढायला दहावीच्या भूमितीतील वर्तुळपाकळी आणि वर्तुळखंड एवढे पुरेसे आहे.

पहिल्या वर्तुळाच्या केंद्राला ‘म’ आणि दुसऱ्याच्या केंद्राला ‘न’ म्हणू. वर्तुळे एकमेकांना छेदतात ते वरचा बिंदू ‘अ’ आणि खालचा बिंदू ‘ब’. त्रिज्या r मानू. ‘म’पासून ‘न’पर्यंतचे अंतर r आहे, कारण ‘न’ हा पहिल्या वर्तुळाच्या परिघावर आहे. ‘अ’ दोन्ही परिघांवर असल्यामुळे तो ‘म’पासूनही r अंतरावर आहे आणि ‘न’पासूनही. म्हणजे म, न, अ हा त्रिकोण समभुज झाला. इसवी सनापूर्वी ३००च्या सुमारास युक्लिडने ‘एलिमेंट्स’ या ग्रंथाच्या पहिल्या भागातील पहिल्याच प्रमेयात समभुज त्रिकोण काढण्यासाठी हीच दोन वर्तुळे वापरली आहेत.

खालच्या बाजूला म, न, ब हाही तसाच समभुज त्रिकोण आहे. समभुज त्रिकोणाचा प्रत्येक कोन ६०° असतो, म्हणून ‘म’पाशी वरचे ६०° आणि खालचे ६०° मिळून ‘अ’ आणि ‘ब’ यांच्यामध्ये १२०° चा कोन होतो. ‘न’पाशीही तितकाच होतो. हा १२०° चा कोन हाती आला की बाकीचे गणित सरळ आहे. भिंगाची रुंदी म्हणजे ‘म’ ते ‘न’ हे अंतर, अर्थात r. त्याची उंची म्हणजे एका समभुज त्रिकोणाच्या उंचीची दुप्पट, अर्थात √३ r.

आता ‘अ’ आणि ‘ब’ जोडणारी जीवा काढली की भिंगाचे दोन सारखे वर्तुळखंड होतात. त्यातला ‘न’कडचा खंड पहिल्या वर्तुळाचा आहे आणि ‘म’कडचा दुसऱ्याचा. एका खंडाचे क्षेत्रफळ काढून दुप्पट केले की काम झाले.

वर्तुळखंड मिळवायचा तर वर्तुळपाकळीतून त्रिकोण वजा करावा लागतो. ‘म’ केंद्र असलेली १२०° ची पाकळी म्हणजे पूर्ण वर्तुळाचा तिसरा भाग, कारण ३६०° मध्ये १२०° तीनदा बसतात. तिचे क्षेत्रफळ πr²/३. तिच्यातून म, अ, ब हा त्रिकोण वगळायचा आहे. त्याचा एक कोन १२०° चा आहे, तरी त्याचे क्षेत्रफळ r बाजूच्या समभुज त्रिकोणाएवढेच भरते. ‘म’पासून जीवेवर लंब टाकला की त्याचे दोन काटकोन त्रिकोण होतात आणि ते दुसऱ्या बाजूने जोडले की समभुज त्रिकोण तयार होतो. म्हणून त्याचे क्षेत्रफळ (√३/४) r². एक खंड πr²/३ − (√३/४) r² इतका झाला. दोन खंड मिळून भिंगाचे क्षेत्रफळ असे येते:

(२π/३ − √३/२) r²

अंकांत हे सुमारे १.२२८ r² होते. पूर्ण वर्तुळ सुमारे ३.१४२ r² असते, म्हणजे भिंग वर्तुळाचा सुमारे ३९.१ टक्के भाग व्यापते. त्रिज्या कितीही असली तरी हे प्रमाण बदलत नाही.

उदाहरणादाखल त्रिज्या ६ सेंटिमीटर घेऊ आणि शाळेतल्याप्रमाणे π = ३.१४ आणि √३ = १.७३ मानू. वर्तुळाचे क्षेत्रफळ ११३.०४ चौरस सेंटिमीटर, त्याची तिसऱ्या भागाएवढी पाकळी ३७.६८ आणि त्रिकोण १५.५७. पाकळीतून त्रिकोण वजा केला की एक खंड २२.११ येतो आणि त्याची दुप्पट, म्हणजे पूर्ण भिंग, ४४.२२ चौरस सेंटिमीटर. प्रत्येक वर्तुळाचा उरलेला चंद्रकोरीसारखा भाग ६८.८२ चौरस सेंटिमीटरचा असतो.

हेच उत्तर दुसऱ्या वाटेने ताडून पाहता येते. म, अ, न, ब हे चार बिंदू क्रमाने जोडले की भिंगाच्या आत एक समभुज चौकोन बसतो. तो दोन समभुज त्रिकोणांचा बनलेला आहे, म्हणून त्याचे क्षेत्रफळ वरच्या उदाहरणात १५.५७ ची दुप्पट, म्हणजे ३१.१४. चौकोनाबाहेर भिंगाचे चार बारीक वर्तुळखंड उरतात. त्यातला प्रत्येक ६०° च्या पाकळीतून समभुज त्रिकोण काढून मिळतो: १८.८४ − १५.५७ = ३.२७. असे चार मिळून १३.०८ आणि चौकोनात ते मिळवले की पुन्हा ४४.२२.

या गणितात चुका ठरावीक ठिकाणी होतात. पहिली म्हणजे कोन ६०° चा धरणे. समभुज त्रिकोण डोळ्यांसमोर असल्याने हे सहज घडते, पण त्यामुळे फक्त बारीक खंड मिळतो आणि दुप्पट केल्यावर उत्तर ६.५४ एवढेच येते. दुसरी म्हणजे एकच खंड काढून थांबणे. तिसरी चूक जास्त फसवी असते: भिंगाला लंबवर्तुळ समजून त्याची लांबी-रुंदी लंबवर्तुळाच्या सूत्रात घालणे. तसे केले तर उत्तर सुमारे ४९ येते, खऱ्यापेक्षा जवळपास ११ टक्के जास्त. लंबवर्तुळाची टोके गोलसर असतात, तर इथे दोन कंस प्रत्येक टोकाशी १२०° चा कोन करून भेटतात, म्हणून टोकांजवळ जागा कमी पडते. उत्तर शक्य कोटीतले आहे का, हे पाहायला सोपी सीमा आहे. भिंग आतल्या समभुज चौकोनापेक्षा मोठे आणि त्याला बाहेरून वेढणाऱ्या r रुंद, √३ r उंच आयतापेक्षा लहान असायलाच हवे. ६ सेंटिमीटर त्रिज्येसाठी ते ३१.१४ आणि ६२.२८ यांच्या दरम्यान येते. ६.५४ आणि २२.११ ही उत्तरे या कसोटीवर लगेच बाद होतात. लंबवर्तुळाचे ४९ मात्र तिच्यातून निसटते.

वरचे सूत्र केंद्रांमधले अंतर त्रिज्येएवढे असतानाच लागू पडते. अंतर बदलले की त्रिकोण समभुज राहत नाही आणि कोनही १२०° चा राहत नाही. तेव्हा निम्म्या कोनाची कोसाइन किंमत केंद्रांमधल्या अंतराला त्रिज्येच्या दुपटीने भागून काढावी लागते, पण पाकळीतून त्रिकोण वजा करून दुप्पट करण्याची रीत तीच राहते. सामाईक भाग वर्तुळाच्या बरोबर निम्मा हवा असेल, तर केंद्रे त्रिज्येच्या सुमारे ०.८०८ पट अंतरावर आणावी लागतात. ६ सेंटिमीटर त्रिज्येसाठी हे अंतर सुमारे ४.८५ सेंटिमीटर भरते.