वाढत्या कंपनीचा शेअर : कधी घ्यावा आणि किती घ्यावा

काही वर्षांपूर्वी ईदच्या मालासाठी बाजूला ठेवलेले सव्वा लाख रुपये मी एका शेअरमध्ये घातले. कंपनी चांगली होती, नफा वाढत होता, भावही नुकताच वर निघाला होता. चूक दोन ठिकाणी झाली. भाव किती खाली आला म्हणजे बाहेर पडायचे, हे मी ठरवले नव्हते. आणि किती शेअर घ्यायचे, हे गल्ल्यात किती पैसे आहेत त्यावरून ठरवले. भाव पडू लागला तेव्हा ‘परत येईल’ म्हणून बसून राहिलो. शेवटी सुरतच्या व्यापाऱ्याचा हिशेब चुकता करायची वेळ आली, तेव्हा चाळीस हजारांचा तोटा घेऊन विकावे लागले. त्या ईदला दुकानातले अर्धे फडताळ रिकामे होते.

नंतर जी पद्धत शिकलो, ती येथे हिशेबासह मांडतो. अमेरिकेतील विल्यम ओ'नील यांनी १९८८ साली ‘हाऊ टू मेक मनी इन स्टॉक्स’ या पुस्तकात तिचे नियम लिहिले. पहिला नियम कंपनीचा. मागच्या वर्षीच्या त्याच तिमाहीच्या तुलनेत प्रत्येक शेअरमागचा नफा निदान २५ टक्के वाढलेला असावा. पण कंपनी चांगली आहे एवढ्यावर खरेदी करायची नाही. भाव योग्य जागी येईपर्यंत थांबायचे.

ती जागा म्हणजे ‘बेस’. आपण तिला भावाची बैठक म्हणू. शेअर बराच वर चढतो, मग काही आठवडे एका पट्ट्यात फिरत राहतो. या काळात घाईचे लोक विकून निघून जातात आणि त्यांचा माल धीराच्या हातात जातो. समजा, एक शेअर आठ आठवडे ४०० ते ४४० च्या मध्ये फिरतो आहे. शेवटच्या तीन आठवड्यांत पट्टा आणखी आवळला आहे, भाव ४१८ च्या खाली गेलेला नाही. रोजची सरासरी उलाढाल दोन लाख शेअर्सची होती, ती या दिवसांत सव्वा लाखावर आली आहे. उलाढाल आटली, तरी भाव पडत नाही. याचा अर्थ विकणारे संपत आले.

मग एके दिवशी भाव ४४० ओलांडतो. यालाच ‘ब्रेकआउट’ म्हणतात. त्या दिवशी उलाढाल किती झाली, हे आधी पाहावे. ओ'नील यांच्या मते ती सरासरीच्या निदान ४० ते ५० टक्के वर हवी. आपल्या उदाहरणात त्या दिवशी पाच लाख शेअर्सची उलाढाल झाली असे धरू. एवढी खरेदी किरकोळ गिऱ्हाईक करीत नाही. मोठे फंड आत येत आहेत, असे समजायला जागा आहे. तोच भाव सव्वा लाखाच्या उलाढालीवर ४४६ झाला असता, तर मी हात लावला नसता. असा भाव बहुधा दोन-चार दिवसांत पुन्हा पट्ट्यात येतो. उलाढाल वाढली, तरी एक्स्चेंजची बल्क डीलची यादी पाहावी. एकाच बड्या व्यवहाराने आकडा फुगला असेल, तर तो बाजाराचा कौल नव्हे.

आता खरेदी ४४४ ला झाली. बाहेर पडायची रेघ कुठे मारायची? पूर्ण बैठकीच्या खाली, म्हणजे ३९६ ला मारली, तर तोटा जवळजवळ ११ टक्के होतो. ओ'नील ७-८ टक्क्यांपलीकडे जाऊ देत नाहीत. म्हणून शेवटच्या आवळलेल्या तीन आठवड्यांच्या तळाखाली, ४१४ ला रेघ मारायची. भाव तिथे आला, तर बैठक मोडली आणि आपला अंदाज चुकला. एका शेअरमागे जोखीम झाली ३० रुपये, म्हणजे पावणेसात टक्के. बैठक इतकी रुंद असेल की जवळची रेघ कुठेच बसत नाही, तर तो शेअर सोडून द्यावा.

येथून किती घ्यायचे हे निघते. समजा, शेअर्ससाठी वेगळे ठेवलेले भांडवल तीन लाख आहे आणि एका सौद्यात त्याच्या एक टक्क्याहून जास्त गमवायचे नाही असे ठरवले आहे. एक टक्का म्हणजे ३,००० रुपये. त्यांना ३० ने भागा. उत्तर येते १०० शेअर, म्हणजे ४४,४०० रुपयांची खरेदी. लागोपाठ पाच सौदे चुकले, तरी १५,००० जातात आणि दुकान शाबूत राहते. पडत्या बाजारात पाच चुकणे नवलाचे नाही.

हाच हिशेब उशिरा धावणाऱ्याला आवरतो. भाव ४७० झाल्यावर कोणी घेतला आणि रेघ ४१४ लाच ठेवली, तर एका शेअरमागे जोखीम ५६ रुपये होते. मग ५३ शेअरच बसतात. त्याने १०० घेतले, तर ३,००० ऐवजी ५,६०० ची जोखीम उचलली. बैठकीच्या माथ्यापासून पाच टक्क्यांच्या पुढे, म्हणजे येथे ४६२ च्या वर, खरेदी करायचीच नाही.

उलट मोहही असतो. रेघ ४३८ ला मारली, तर जोखीम सहा रुपये आणि हिशेबाने ५०० शेअर बसतात. कागदावर हे छान दिसते. पण जो शेअर रोज आठ-दहा रुपये सहज हलतो, तो कारण नसताना आपल्याला बाहेर काढील. शिवाय २,२२,००० रुपये एकाच ठिकाणी अडकतील. म्हणून एका शेअरमध्ये भांडवलाच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त घालायचे नाही, ही दुसरी मर्यादा ठेवावी. दलाल व्याजाने पैसे देऊन हा आकडा आणखी वाढवायला तयार असतो. व्याज आपल्याला वर्ज्य आहेच, पण उसन्या पैशावर हा सगळा हिशेबही कोलमडतो.

रेघ म्हणजे हमी नव्हे, हेही सांगितले पाहिजे. वाईट निकाल आला आणि शेअर सकाळी सरळ ४०० ला उघडला, तर ४१४ ला विकायला वेळच मिळत नाही. १०० शेअर्सवर ३,००० ऐवजी ४,४०० जातात. स्टॉप-लॉस ऑर्डरमध्ये विक्रीची किमान किंमत टाकलेली असेल आणि भाव तिच्या खाली उघडला, तर ऑर्डर तशीच पडून राहते. तेव्हा लगेच लक्ष घालून विकावे. निकाल दोन-तीन दिवसांवर असेल, तर नवी खरेदी पुढे ढकलावी. छोट्या कंपन्यांचे शेअर ५ टक्क्यांच्या लोअर सर्किटला लागले की दिवसच्या दिवस घेणारा मिळत नाही. तिथे ही पद्धत वापरू नये.

आता मी खरेदीची ऑर्डर देण्याआधी वहीत चार आकडे लिहितो : खरेदीचा भाव, रेघ, दोन्हींतला फरक आणि शेअर्सची संख्या. रेघ वर सरकवता येते, खाली कधीच नाही. ईदच्या मालाचे पैसे मात्र आता वेगळ्या खात्यात असतात आणि ते या वहीत कधीच येत नाहीत.