मौखिकीतली पहिली दोन मिनिटे

पीएच.डी.च्या खुल्या मौखिकीत अध्यक्ष म्हणतात, "आधी स्वतःची ओळख करून द्या." मग बरेच उमेदवार जन्मगावापासून दहावीच्या गुणांपर्यंत बायोडेटा वाचत सुटतात. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी प्रबंध वाचून अहवाल आधीच पाठवलेला असतो. त्यांना हवे असते ते वेगळेच: हा माणूस या विषयाकडे कुठून आला?

समजा, गडचिरोलीतल्या एका शिक्षिकेचा प्रबंध माडिया बोलणाऱ्या मुलांच्या मराठी वाचनावर आहे. तिने एवढेच सांगावे, "मी भामरागड तालुक्यात शिकवते. माडिया मला समजते, पण सफाईने बोलता येत नाही, म्हणून पालकांच्या मुलाखतींना दुभाषी घेतला. माझी स्वतःची शाळा अभ्यासातून मुद्दाम वगळली." यामुळे प्रश्न टळत नाहीत, त्यांचा रोख बदलतो. "भाषा येत नाही, मग हा विषय का घेतला?" ही उलटतपासणी मागे पडते आणि दुभाष्याच्या बोलण्यात पालकांचे काय गळाले असेल, यावर चर्चा सुरू होते.

निष्कर्ष इथे सांगू नयेत. सादरीकरणात ते येणारच असतात. मार्गदर्शकांची स्तुती तर नकोच, ते शेजारीच बसलेले असतात. आणि प्रबंधात नसलेला एखादा दावा ओघात तोंडून गेला, तर पहिला प्रश्न हमखास त्यावरच येतो.