बटरऐवजी तेल, बटरऐवजी तूप

घरी केकच्या कृतीत 100 ग्रॅम बटर लिहिलेलं असतं आणि फ्रिजमध्ये बटर नसतं. मग तितकंच तेल ओतलं जातं. केक फुगतो, पण तळाचा थर गच्च बसतो, खालचा कागद तेलकट होतो आणि घास टाळूला चिकटतो. कारण साधं आहे. बटरमध्ये स्निग्धांश सुमारे 80 टक्के असतो. उरलेलं बहुतेक पाणी, थोडं दूध-घन आणि मीठ. तेल आणि तूप मात्र जवळजवळ निव्वळ स्निग्ध. म्हणून 100 ग्रॅम बटरच्या जागी 80 ग्रॅम तेल किंवा तूप घ्यावं, आणि गेलेलं पाणी भरून काढायला एक मोठा चमचा दूध घालावं. खारं बटर बदलत असाल, तर चिमूटभर मीठही.

प्रमाण जमलं तरी कृती तीच राहत नाही. 100 ग्रॅम मैदा, 100 ग्रॅम साखर, दोन अंडी आणि एक छोटा चमचा बेकिंग पावडर असा साधा केक घेऊ. बटर असतं, तेव्हा ते साखरेबरोबर फेसताना साखरेचे कण त्यात हवेचे बारीक बुडबुडे अडकवतात. पातळ तेलात हे घडत नाही. तिथे हवा अंड्यांनी धरायची असते: अंडी आणि साखर फिकट, दाट होईपर्यंत फेटावीत, मग तेल बारीक धारेनं घालावं, शेवटी मैदा आणि दूध हलक्या हातानं मिसळावं.

तेलाचा केक मऊ आणि ओलसर होतो. तेल थंडीतही गोठत नसल्यानं तो दुसऱ्या दिवशीही, अगदी फ्रिजमधून काढल्यावरही तसाच राहतो. चव मात्र कोरी. व्हॅनिला, कोको किंवा संत्र्याची साल असेल तर ही उणीव जाणवत नाही. सूर्यफुलाचं तेल इथे योग्य. घाण्याच्या शेंगदाणा तेलाचा वास केकभर पसरतो.

तुपाचं वेगळंच. घट्ट, रवाळ तूप साखरेबरोबर फेसता येतं, पण हवा बटरपेक्षा कमी धरतं. मुंबईच्या उन्हाळ्यात ते वितळलेलं असतं. थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवून लोण्यासारखं झालं की फेसायला घ्यावं. गरम तूप अंड्यांवर ओतलं तर अंडी शिजून गुठळ्या होतात.

तुपाच्या केकचा पोत काहीसा भुसभुशीत, नानकटाईच्या जवळ जाणारा असतो. कढवलेल्या तुपाचा खरपूस वास वेलची, केशर, जायफळ यांच्याशी छान जमतो आणि रव्याच्या केकला तर तूपच शोभतं. नाजूक व्हॅनिला मात्र त्याखाली दबतो. फ्रिजमध्ये तूप गोठून हा केक टणक होतो, म्हणून खाण्याआधी अर्धा तास बाहेर काढून ठेवावा.

बटरक्रीमच्या सजावटीत तेल चालतच नाही: साखरेत मिसळून ते फक्त ओघळतं.